रंगांची गंमत आणि एकवीस एमबीचा मेहुणा

काल सकाळी फोन वाजला तो एका अनोळखी आईचा. "शिबिर अठरा तारखेपासूनच ना?" शिबिर सोळाला सुरू होणार होतं. पत्रकावर 16 लिहिलेलं होतं, मी स्वतः लिहिलेलं, मी स्वतः तीनदा तपासलेलं. त्या बाईंनी मला ग्रुपवरची प्रत पाठवली आणि खरंच सांगतो, त्यात 18 होतं. सहाच्या पोटातली जागा आणि डोक्यावरची जागा दोन्ही सारखीच राखाडी झाली होती, तो आठ वाचला गेला यात बाईंची काहीच चूक नाही. वर 'रंगांची गंमत' हे शिबिराचं मोठ्या अक्षरातलं नाव तेवढं शाबूत होतं, पण खाली माहितीत तेच नाव पुन्हा होतं तिथे 'रगाची गमत' झालेलं, आणि 'संपर्क'चा 'सपर्क'. त्या गमतीत गंमत काही उरली नव्हती.

पत्रक फुकट केलेलं, हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे माझा सूर जरा कडू होणार आहे.

तर मूळ फाइल ए-थ्री आकाराची, 64 एमबीची पीडीएफ. मी लिंक पाठवली. संस्थेच्या अध्यक्षांचे मेहुणे आहेत, त्यांच्याकडे 'कॉम्प्युटरचं सगळं' असतं. प्रत्येक संस्थेत असा एक माणूस असतो, त्याची नेमणूक कोणी केली हे कोणालाच आठवत नाही. मेहुण्यांचा फोन आला, "अहो आर्टिस्ट, लिंकबिंक नको, आपल्याला फाइल हवी. मेलवर टाका."

आता 64 एमबी मेलवर जाणार कशी? मी Illustrator मध्ये सेव्ह करताना `Preserve Illustrator Editing Capabilities` वरची टिक काढली. ती टिक असली की पीडीएफच्या पोटात संपादनासाठी मूळ फाइलची अख्खी दुसरी प्रत भरली जाते, म्हणजे एका तिकिटात दोन प्रवासी. टिक काढल्यावर फाइल 21 एमबी. मेलची मर्यादा 25, मी खूश, पाठवली, परत आली. आणि इथे मी स्वतःच मूर्ख ठरलो, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. मेल मुळात मजकूर वाहण्यासाठी केलेला, त्यात फाइल टाकायची तर तिच्या दर तीन बाइटचे चार अक्षरं करून न्यावे लागतात. 21 चे 28 होतात. 25 च्या दारातून साधारण 18 च्या वरचं काही आत जात नाही, पण दारावर पाटी 25 चीच लावलेली असते.

हे मी मेहुण्यांना समजावायला गेलो. तो संवाद जसा झाला तसा देतो.

"अहो पण 21 आहे ना, 25 पेक्षा कमीच की."

"हो, पण पाठवताना फुगते."

"फुगते? फाइल?" मग जरा थांबून, आजाऱ्याशी बोलावं तसं, "तुम्ही झिप केलीत का?"

"झिप करून उपयोग नाही, आतले फोटो आधीच दाबलेले आहेत."

"तेच तर! आणखी दाबायचे. गादी कशी आपण दाबून दाबून पेटीत बसवतो, तसं."

"गादीत हवा असते मेहुणे. यात हवा काढून झालेली आहे."

"हवा असतेच हो. तुम्हाला दाबता येत नाही म्हणा."

अर्ध्या तासाने त्यांचा विजयी मेसेज, 'झिप केली'. मी विचारलं किती झाली? 'वीस पॉइंट सहा.' म्हणजे 21 ची 20.6. वर लिहिलं होतं, 'फरक पडला ना?' मी त्याला काय उत्तर देणार, फरक पडलाच होता. झिप पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी शोधून एकदाच लिहिते, आणि जेपीजीने ती पुनरावृत्ती आधीच खाऊन टाकलेली असते, तिला चाटायला ताटच रिकामं. तरी मेहुण्यांनी झिपची पुन्हा झिप केली होती हे मला नंतर कळलं. ती किंचित मोठी झाली म्हणे, त्याचा दोष त्यांनी माझ्या फाइलला दिला.

मग रात्री त्यांना सुचलं. पीडीएफचं जेपीजी केलं, 'मीडियम क्वालिटी', आणि ग्रुपवर टाकून दिलं. मला न विचारता. सकाळी बाईंचा फोन.

काय झालं ते मी मोजून काढलं, कारण चिडलेला माणूस मोजायला बसतो. ए-थ्री कागद 300 पिक्सेल प्रति इंचाने चित्र केला की लांब बाजू 4961 पिक्सेल येते. ग्रुपवर जी प्रत पोचली तिची लांब बाजू 1600, मेसेजिंग अॅप फोटो म्हणून टाकलेलं मोठं चित्र बहुतेकदा असं आपल्या मापात लहान करतं. म्हणजे सगळं तीन पटींनी लहान. माझा माहितीचा मजकूर 8 पॉइंटचा होता, म्हणजे मूळ चित्रात एका अक्षराला वरपासून खालपर्यंत 33 पिक्सेल, आणि नंतर अकरा. इंग्रजी अक्षर अकरा पिक्सेलमध्ये कसंबसं बसतं. आपल्या अक्षराला तेवढ्यात वेलांटी, अनुस्वार, शिरोरेघ, अक्षराचा देह आणि खाली उकार एवढं कुटुंब राहायला लागतं, आणि जागा कमी पडली की सगळ्यात आधी कोणाला बाहेर काढतात? टिंबाला. चार पिक्सेलचं टिंब एका पिक्सेलचं होतं, तेही राखाडी.

त्यावर जेपीजीची करामत. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोन लहानमोठ्या लाटांची बेरीज म्हणून लिहितं. आकाश, गाल, भिंत, असल्या हळूहळू बदलणाऱ्या गोष्टींना मोठ्या दोनचार लाटा पुरतात. पण काळं अक्षर आणि पांढरा कागद यांच्यामधली कड एकदम उडी मारते, तिला बारीक लाटा सगळ्या लागतात, आणि क्वालिटी कमी केली की नेमक्या त्याच आधी फेकल्या जातात. म्हणून फोटोतली मुलं छान हसत होती आणि अक्षरांभोवती मात्र डासांचे थवे. मेहुण्यांच्या आग्रहाखातर तारीख लाल रंगात, निळ्या पट्टीवर होती ("उठाव येतो"), ते आणखी वाईट, कारण बहुतेक वेळा जेपीजी उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची ठेवतं आणि रंगाची मात्र दोन बाय दोनच्या घोळक्याला मिळून एकच. आपला डोळा रंगाच्या बाबतीत ढिला असतो म्हणून हे फोटोत खपतं. लाल अक्षराची निळ्यावरची कड बहुतांश रंगानेच बनलेली असते, ती तिथे विरघळते. उठाव हवा होता ना, घ्या.

खरी गोष्ट साधी होती आणि मला ती आधीच करायला हवी होती. त्या 21 एमबीमध्ये अक्षरांचा वाटा जवळजवळ नाहीच. पीडीएफमध्ये अक्षरं चित्र म्हणून नसतात, फॉन्टमधल्या वळणांची वर्णनं असतात, वापरलेली तेवढीच भरली तर सगळी मिळून काही दहा-वीस केबी. कितीही मोठं करून बघा, कड सुरीसारखी राहते. वजन होतं ते चार फोटोंचं. मुलांचे फोटो कोणीतरी चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले, प्रत्येक 6000 बाय 4000 पिक्सेल, आणि मी ते कागदावर तीन इंच रुंदीत बसवले होते. 6000 भागिले 3, म्हणजे इंचाला 2000 पिक्सेल! पडद्यावर बघायला 200 खूप झाले. दहापट कमी रुंदी, दहापट कमी उंची, म्हणजे शंभरातला एक पिक्सेल ठेवायचा आणि नव्व्याण्णव सोडायचे, आणि फोनवर कोणाला पत्ता लागणार नाही. सेव्ह करताना `Compression` मध्ये रंगीत चित्रांना 200 ppi चा आकडा दिला, अक्षरांना हातही लावला नाही. फाइल 1.9 एमबी.

Illustrator नसेल तर Ghostscript नावाच्या प्रोग्रामला खालची आज्ञा देऊन हेच होतं, फक्त /ebook फोटो 150 वर आणतं, अक्षरं तशीच ठेवतं:

```
gs -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook -dNOPAUSE -dBATCH -sOutputFile=lahan.pdf mothi.pdf
```

/screen मात्र घेऊ नका, ते 72 वर आणतं आणि मुलांचे चेहरे लाडूसारखे होतात.

मी ती 1.9 ची फाइल मेहुण्यांना पाठवली आणि लिहिलं, 'ग्रुपवर टाकताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून टाका, मग अॅप तिला हात लावत नाही.' जरा फुशारकी मारून हेही लिहिलं की 800 टक्के मोठी करून बघा, एक कड फाटणार नाही.

पाच मिनिटांत उत्तर. 'बघितली. पत्त्याची ओळ फाटलीय.'

मी हसलो. मग उघडून बघितलं. फाटली होती! पत्त्याच्या ओळीवर मी कर्सर फिरवला तर ती निवडलीच जाईना, बाकीचा मजकूर निवडला जात होता. म्हणजे ती अक्षरं राहिलीच नव्हती, चित्र झाली होती. कारण शोधायला वेळ लागला आणि कारण मीच निघालो. फोटोला मी मऊ सावली दिली होती, पत्त्याची ओळ लेयरमध्ये त्या सावलीच्या खाली, आणि जुन्या छापखान्याच्या सवयीने मी पीडीएफ 1.3 मध्ये सेव्ह करत होतो. त्या आवृत्तीत पारदर्शकता हा प्रकारच नाही, त्यामुळे सावली आणि तिच्याखालचं सगळं वितळवून एकत्र थापलं जाऊ शकतं. ओळ सावलीच्या वर आणली, 1.4 मध्ये सेव्ह केली, कड परत आली. मेहुण्यांना 'धन्यवाद' लिहिताना माझी बोटं जड झाली होती, हे लपवत नाही. त्यांनी अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली ती अशी की फोटो म्हणूनच टाकायचं असेल तर या सगळ्या हुशारीचा काही उपयोग नाही. 1600 पिक्सेलमध्ये ए-थ्रीवरचा 8 पॉइंटचा मजकूर कोणीही बसवू शकत नाही, त्याला वेगळं, कमी शब्दांचं, मोठ्या अक्षरांचं पत्रक करावं लागतं. तेही मी करून दिलं असतं, फुकट. कोणी विचारलंच नाही.

संध्याकाळी ग्रुपवर पत्रक आलं. डॉक्युमेंट नव्हतं. मेहुण्यांनी माझी पीडीएफ आपल्या फोनवर उघडून तिचा स्क्रीनशॉट काढला होता, खाली लिहिलं होतं, 'आता फाइल एकदम हलकी केली आहे', आणि त्याखाली अकरा जणांचे टाळ्यांचे हात. तारीख पुन्हा 18 दिसत होती. वरच्या कोपऱ्यात मेहुण्यांच्या फोनची बॅटरी मात्र 14 टक्के आहे, हे अगदी स्वच्छ, एकही कड न फाटता वाचता येत होतं.