मूळ कागद परत मिळतो का?

शाळेच्या ऑफिसात प्रवेशाच्या टेबलावर मी सतरा वर्षं काढली. पालक फाइल पुढे सरकवताना एकच प्रश्न विचारतात, "ओरिजिनल परत मिळेल ना?" जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि पत्त्याचा पुरावा बघून, झेरॉक्सशी ताडून तिथल्या तिथे परत द्यायचे असतात. शाळा सोडल्याचा दाखला मात्र मूळच ठेवून घेतात. त्यावर वाद होतो, पण त्या कागदाचा उपयोगच तो आहे. जुन्या शाळेने पटावरून नाव कमी केल्याची ती खूण. ती पालकांकडे राहिली तर एकच मूल दोन शाळांच्या पटावर दिसू शकतं. म्हणून दाखला जमा करण्याआधी त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. नंतर मागितला तर मिळते ती 'दुय्यम प्रत' असा शिक्का मारलेली.

या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहितात. का, ते मला एका चौथीतल्या मुलीमुळे नीट कळलं. तिच्या जन्मदाखल्यावर तारीख होती ०४/०७, म्हणजे ४ जुलै. आधीच्या शाळेत कुणीतरी महिना आधी धरून वाचलं आणि रजिस्टरमध्ये ७ एप्रिल लिहिलं. दाखला त्या रजिस्टरवरूनच उतरवला, त्यामुळे त्यावर अंकात ०७/०४ आणि अक्षरी 'सात एप्रिल'. नुसते अंक असते तर मीही ते उलट क्रमाने लिहिलेत असं समजून पुढे गेले असते. अक्षरांनी अडवलं.

वडील म्हणाले, "मॅडम, तीन महिन्यांनी काय बिघडतंय? पेनाने दुरुस्त करा ना." पेनाने करायचं नसतं. खाडाखोड केलेला दाखला पुढे कुणीच मानत नाही. चूक जिथे झाली तिथेच, म्हणजे जुन्या शाळेच्या रजिस्टरमध्ये दुरुस्त व्हायला हवी. त्यांनी जन्मदाखला दाखवून अर्ज केला, नवा दाखला आणला, बारा दिवस गेले. मुलगी तोवर वर्गातच बसत होती, हे मुद्दाम सांगते. तीच चूक आम्ही उतरवून घेतली असती तर ती आमच्या रजिस्टरमधून तिच्या परीक्षेच्या प्रमाणपत्रावर गेली असती आणि मोठेपणी पासपोर्टच्या वेळी दोन जन्मतारखा समोरासमोर आल्या असत्या. तेव्हा दोन शाळा, दोन रजिस्टरं आणि बदललेली माणसं, कुणाकुणाच्या मागे लागणार?

जन्माच्या पुराव्यात आणखी एक गफलत होते. दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद म्हणजे जन्मदाखला नव्हे. जन्माची नोंद अनेकदा बारशाआधीच झालेली असते, तेव्हा दाखल्यावर बाळाचं नावच नसतं. ते नोंदणी कार्यालयात जाऊन घालून घ्यावं लागतं. प्रवेशाच्या आठवड्यात ही धावपळ नको असेल तर दाखला आजच उघडून बघा.

पत्त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. अंतरावरून जागा ठरत असतील तर पुरावा लागतो, आणि मूल आठवडाभर आलं नाही तर कुणाच्या दारी जायचं ते कळायला पत्ता खरा लागतो. भाड्याच्या घरातल्यांना मात्र जे मिळेल ते चालवून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वीजबिल घरमालकाच्या नावावर असणं हा मुलाचा दोष नाही.

लसीकरणाचं कार्ड पालकांना सगळ्यात निरुपयोगी वाटतं. "त्याला सगळ्या लसी दिल्यात हो," म्हणून हात झटकतात. पण शाळेला ते प्रवेशाच्या दिवसापेक्षा वर्गात गोवर निघाला त्या दिवशी लागतं. गोवराचं मूल अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच रोग पसरवत असतं. म्हणजे आपल्याला कळेपर्यंत ते सगळ्या वर्गाबरोबर बसून झालेलं असतं. ज्यांना लस मिळालेली नाही त्यांना संपर्कानंतर ७२ तासांच्या आत दिली तर आजार टळू शकतो. त्या ७२ तासांत प्रत्येक घरी फोन करून 'दोन्ही डोस झाले होते का' विचारत बसायचं, की फाइल उघडून डोसांच्या तारखा बघायच्या? नोंद नसलेल्या मुलाला लस मिळालेलीच नाही असं धरावं लागतं आणि तीन आठवडे घरी बसवायची वेळ येऊ शकते. खरं तर लस मिळालेली असते, पण कार्ड कुठेतरी कपाटात.

कार्ड हरवलं असेल तर जिथे लस दिली तिथल्या नोंदीवरून नवं मागा. आठवणीने तारखा भरू नका. सगळे डोस एकाच शाईत, एकाच अक्षरात लिहिलेलं कार्ड टेबलापलीकडून लगेच ओळखू येतं.

माझं भांडण आहे ते आमच्याच टेबलाशी. कागद अपुरा आहे म्हणून मुलाला वर्गाबाहेर ठेवणारे सहकारी मी पाहिलेत. मूल वर्गात बसवून पालकांना मुदत द्यावी, आणि काय कमी आहे ते तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्यावं. मी तशी चिठ्ठी द्यायला लागल्यापासून लोकांच्या चकरा कमी झाल्या.