फोरजीच्या काड्या आणि नेटचा संबंध: एक खुलासा

“टॉवरच्या चारही काड्या दिसतायत, तरी नेट नाही. म्हणजे गावातला टॉवरच नेट अडवतोय.” औसा, निलंगा भागात हा मेसेज फिरतोय.

काड्या फक्त टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवतात. टॉवरवरची यंत्रणा, म्हणजे ईनोडबी, रेडिओलहरी सांभाळते आणि कोणत्या फोनला कधी किती जागा द्यायची ते ठरवते. सिम खरं आहे का, हे ती ठरवत नाही. ते काम दूरच्या कोअर नेटवर्कचं, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेचं. तिथला एमएमई नावाचा भाग ग्राहकांची नोंद ठेवणाऱ्या एचएसएसकडून माहिती घेऊन सिम तपासतो, आणि पीजीडब्ल्यू नावाचा भाग फोनला आयपी पत्ता देऊन इंटरनेटशी जोडतो. म्हणूनच औशाहून लातूरला जाताना टॉवर बदलत गेले तरी आयपी पत्ता सहसा तोच राहतो.

दोष ओळखायचा तर तेच सिम घेऊन लातूरला जा. तिथं नेट चाललं, तर गावचा टॉवर, त्यावरची गर्दी किंवा त्याला कोअरशी जोडणारी केबल तपासायला हवी. तिथंही नाही, पण त्याच कंपनीची इतर सिम चालतात, तर बिघाड बहुधा तुमच्या सिममध्ये, प्लॅनमध्ये किंवा फोनला कंपनीच्या नेटशी जोडणाऱ्या एपीएन सेटिंगमध्ये आहे. कुणाचंच चालत नसेल, तर संशय कोअरवर घ्या. तक्रार नोंदवताना हे सगळं सांगा, नाहीतर माणूस विनाकारण टॉवरवर चढवला जातो.