शून्यं ढीगभर, म्हणून झिरो-इन्फ्लेटेड?

"दुर्मिळ प्रजातीच्या मोजणीत ऐंशी टक्के शून्यं आली की सरळ झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल लावा. हर्डल लावलंत तरी चालेल, दोन्ही एकच. खरी शून्यं कुठली आणि खोटी कुठली, हेही मॉडेलच सांगतं."

असा सल्ला मिळाला, तर आधी त्यातलं ऐंशी टक्क्यांचं बघू. समजा एका दुर्मिळ बेडकासाठी १०० चौकटी तपासल्या. ८० रिकाम्या निघाल्या, उरलेल्या २० मध्ये मिळून ५० बेडूक सापडले, त्यातले १३ एकाच चौकटीत. सरासरी ०.५. पॉयसाँ वितरण धरलं तर साधारण ६१ चौकटी रिकाम्या असायला हव्यात, त्यामुळे ८० बघून संशय येणं साहजिक आहे. पण बेडूक घोळक्यानं सापडतात, तेरा बेडकांची ती चौकट तेच तर सांगतेय. निगेटिव्ह बायनॉमियलमध्ये हा घोळका धरता येतो. R मध्ये एवढंच करून बघा:

```r
dnbinom(0, size = 0.15, mu = 0.5)
```

उत्तर ०.८० येतं. ऐंशीच्या ऐंशी शून्यं हिशोबात बसली, वेगळं काही जोडावंच लागलं नाही. म्हणून आधी अधिवासाचे घटक घालून निगेटिव्ह बायनॉमियल बसवा आणि त्यातून हजारेक वेळा कृत्रिम मोजणी काढा. त्यात येणाऱ्या शून्यांपेक्षा तुमची शून्यं स्पष्टपणे जास्त असतील, तरच पुढं जा.

"दोन्ही एकच" हा समज दोघांचे AIC, म्हणजे मॉडेल्सची तुलना करायचे आकडे, जवळपास येतात म्हणून पसरला असावा. हर्डलमध्ये प्राणी सापडला की नाही हा एक प्रश्न, आणि सापडला तर किती हा दुसरा. शून्यं सगळी पहिल्यात. झिरो-इन्फ्लेटेडमध्ये काही शून्यं 'इथं तो असूच शकत नाही' या गटातली, तर काही योग्य जागीही योगायोगानं आलेली. R चं pscl पॅकेज वापरताना तर चिन्हंच उलटतात: `hurdle()` चा शून्याचा भाग सापडण्याची शक्यता सांगतो, `zeroinfl()` चा कायमच्या शून्याची. तोच पाणवठा एकात अधिक, दुसऱ्यात उणे दिसतो, आणि निष्कर्ष उलटा लिहिला जातो.

तिसरं विधान मला सगळ्यात घातक वाटतं. एकाच फेरीत बेडूक नसला तरी ० आणि दगडाखाली लपला तरी ०. नोंदवहीत दोन्ही सारखेच. कुठलंही मॉडेल त्यातून नसलेली माहिती काढू शकत नाही. एका फेरीत दिसण्याची शक्यता ०.३ असेल, तर तीन स्वतंत्र फेऱ्यांनंतरही बेडूक असलेल्या ३४ टक्के जागा कोऱ्याच राहतात. पण त्याच चौकटीची ०, १, ० अशी नोंद मिळाली, की दिसण्याची शक्यता मोजता येते. प्राणी आहे की नाही हे काढणारी २००२ पासूनची ऑक्युपन्सी मॉडेल्स आणि किती आहेत हे काढणारं २००४ चं एन-मिक्स्चर यावरच उभी आहेत, अर्थात फेऱ्यांच्या काळात प्राणी आले-गेले नाहीत हे गृहीत धरून. फेरी एकच झाली असेल, तर अहवालात 'किती बेडूक आहेत' असं लिहू नका, 'किती दिसले' असं लिहा.