बारीक व्हा, सज्जन व्हा

गेल्या रविवारी बेळगावच्या शहापुरातल्या एका कार्यालयात लग्नाला गेलो होतो. अक्षता पडल्या, पंगतीला अजून वेळ होता, तेवढ्यात माझ्या धाकट्या दिरांना एका ओळखीच्या बाईंनी गाठलं. बाई वेलनेस कोच आहेत. त्यांनी भावजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि चारचौघांत म्हणाल्या, "काय हो, परत सुटलासा की! सोडलासा काय सगळं?" मग माझ्याकडं वळून, "अक्का, तुम्ही तर ठरवूनच बसलायसा."

पुढं काय झालं ते मागाहून सांगते. आधी त्या बाईंच्या संगतीत मी जे शिकले ते तुम्हाला फुकट देऊन टाकते. त्या महिन्याचे साडेचार हजार घेतात.

तर पहिलं म्हणजे बारीक व्हा. एकदा बारीक झालात की बाकीचे सद्गुण आपोआप चिकटतात. बारीक माणूस पहाटे उठतो, शब्दाला जागतो, लोकांचे उसने वेळेवर फेडतो. हे त्याच्या मनगटाकडं बघूनच कळतं, चौकशी लागत नाही. मी एकतीस वर्षं शाळेत पहिल्या घंटेच्या आधी हजर होते आणि गेली अकरा वर्षं व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात रोज चार किलोमीटर चालते. तरी समोरून येणारी कुणीतरी गोड हसून विचारतेच, "आजपासून सुरू केलंत वाटतं?" कोपऱ्यावरची फुलवाली कन्नडमध्ये काळजी करते, "अक्का, भाळ दप्प आगीरी," म्हणजे फार जाड झालायसा. १९५६ पासून या गावात दोन भाषांचं एकमत होत नाही, सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे, पण जाड बाई म्हणजे आळशी बाई एवढ्या एका मुद्द्यावर सीमाप्रश्न केव्हाच सुटलाय.

जेवताना कुणी बघत असेल तर कोशिंबीर आधी वाढून घ्या.

यंत्रावर विश्वास ठेवा. कोचबाईंच्या क्लबात वजनाचा एक काचेचा काटा आहे, अनवाणी उभं राहायचं. आकडे येतात: चरबी किती टक्के, स्नायू किती, आणि सगळ्यात खाली तुमच्या शरीराचं वय. माझं खरं वय त्रेपन्न, काट्यानं सदुसष्ट सांगितलं. बाई गंभीर झाल्या. मी घाबरले, आणि घाबरलेली मास्तरीण अभ्यास करते. तो काटा तळपायातून बारीकसा वीजप्रवाह सोडतो. शरीरातल्या पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून अडत जाते. किती अडली एवढंच यंत्राला समजतं. उरलेलं सगळं तुमची उंची, वय आणि बाई की पुरुष हे विचारून घेऊन एका ठरलेल्या सूत्रानं काढलेला अंदाज. प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, म्हणजे पोटाशी त्याची नीट गाठही पडत नाही. पाणी कमी प्यालात तर काट्यावर चरबी वाढते. मी दुसऱ्या दिवशी गेले, बाई फोनवर होत्या, तेव्हा उंची-वय तेच ठेवून फक्त पुरुषाचं बटण दाबलं. एक्केचाळीस टक्के चरबी तेहतीसवर आली. पन्नास वर्षांत जे जमलं नाही ते एका बटणात! बाई आल्या, आकडा बघून म्हणाल्या, "बघा, एका दिवसात फरक." मी गप्प बसले.

ग्लो आणा. ग्लो म्हणजे पोटातली शुद्धता चेहऱ्यावर येणं, असं बाईंचं मत. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या चेहऱ्यावर तो लग्नाआधी तीन आठवड्यांत आला आणि सगळ्यांनी तिच्या शिस्तीचं कौतुक केलं: तळलेलं सोडलं, साखर सोडली, पहाटे जिऱ्याचं पाणी. शिस्त खरं तर मेडिकलमधून आणलेल्या एका ट्यूबमध्ये होती. वांग जायला म्हणून मैत्रिणीनं सांगितलेली. अशा ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल असलं काही लिहिलेलं असतं, ही स्टेरॉइडं. त्यांनी कातडीतली लाली दबते, रंग उजळतो, पुरळ गप्प बसतं, आणि पहिले काही आठवडे चेहरा खरंच आरशासारखा होतो. मग कातडी पातळ पडते, लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात पाऊल टाकलं की चटका बसतो. ट्यूब थांबवली की सगळं दुप्पट होऊन परत येतं, म्हणून पोरी घाबरून परत लावतात. ती सोडवायलाही कातडीचा डॉक्टर लागतो. चिठ्ठीशिवाय असली क्रीमं विकू नयेत हा नियम २०१८ मध्येच कडक झालाय. दुकानदाराला फक्त एवढंच विचारून बघा की चिठ्ठी पाहिजे का. आता तीच मुलगी गाल ओढणीनं झाकून फिरते आणि तेच लोक म्हणतात, सासरी गेल्यावर डाएट सोडलं असणार.

सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळा आणि ग्रुपवर फोटो टाका. फोटो टाकला नाही तर चरबी जळत नाही.

आता मुख्य. रिझल्ट दाखवा. आमच्या भावजींनी दाखवला होता. दिवाळीत ते सत्तर किलो होते, पाच फूट आठ इंच उंचीला तसे बेताचेच. क्लबात नाव घातलं, रात्रीच्या जेवणाऐवजी शेक घ्यायला लागले. पाडव्याला एकोणसाठ! पाच महिन्यांत अकरा किलो. बाईंनी त्यांचे दोन फोटो शेजारी शेजारी लावून ग्रुपवर टाकले, खाली "इच्छाशक्ती" असं लिहिलं, आणि साडेतीनशे लोकांनी अंगठे, फुलं, हात जोडलेले. भावजी दोन इंच फुगले, फक्त अभिमानानं.

घरात मात्र काय चाललं होतं? रात्री चार-चार वेळा लघवीला उठायचे. उशाशी तांब्या, तो संपला की कळशीवर. दुपारी दोन माणसांचं जेवायचे आणि तरी भूक. शेकच्या हिशेबात ही दुपार कुणी धरलीच नाही. चष्म्याचा नंबर महिन्यात दोनदा बदलला. शेवटी माझी जाऊ मला म्हणाली, "अक्का, मोरीत मुंग्या लागालेत." मुंग्यांना ग्रुपवर कुणी घेतलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी खरं सांगितलं.

उपाशीपोटी साखर २८६. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ११.४; साडेसहाला पोचली की मधुमेह. साखर रक्तात साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला आवरत नाही, ती लघवीतून वाहून जाते आणि जाताना पाणी ओढून नेते. इन्शुलिन पुरत नसल्यामुळं खाल्लेलं पेशींपर्यंत पोचत नाही, मग शरीर आधी चरबी खातं, बरोबर मांसही खातं. ज्या अकरा किलोंना इच्छाशक्ती म्हणून हार घातले ते असे मोरीतून गेले होते. आम्ही एका आजारी माणसाला पाच महिने टाळ्या वाजवत होतो.

आणि बारीक माणसाला साखर कशी, हे विचारणाऱ्यांसाठी. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा जोडीचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. फोटोत दोघंही सडपातळच दिसतात. आपल्याकडच्या माणसाची चरबी आत लपते, सदऱ्यावरून कळत नाही. माझ्यासारख्या ढोल बाईची साखर अजून सरळ आहे. तो माझा पराक्रम समजू नका, भावजींचा तो गुन्हाही समजू नका.

डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू केलं. चार महिन्यांत पाच किलो भरून आले. गाल वर आले, रात्री झोप लागली, चष्म्याचा नंबर जागेवर थांबला. म्हणजे माणूस बरा होत होता. आणि ह्या बऱ्या होण्याला कार्यालयात नाव मिळालं: "परत सुटलासा."

आता तो रविवार. पंगत वीस मिनिटांत बसेल असं यजमान म्हणाले, म्हणून भावजींनी बाथरूममध्ये जाऊन सुई टोचून घेतली होती. त्यानंतर बाई आल्या आणि ते वाक्य बोलल्या. पंगत बसली तेव्हा भावजींनी भात नको म्हटलं, पुरी नको म्हटलं. समोर बाई बसल्या होत्या. काकडी आणि ताक घेऊन उठले. टोचलेलं इन्शुलिन पोटात काय आलं ते बघून काम करत नाही, ते साखर उतरवत राहतं. अर्ध्या तासात सदरा घामानं चिंब, हात थरथरायला लागले, मला ओळखून "वहिनी" म्हणायला दोनदा अडखळले. जावेच्या पिशवीत साखरेचा मीटर होता. सत्तरच्या खाली धोका, ह्यांची ५४. मी आचाऱ्याकडं पळाले, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ७८. मग पुढच्या जेवणापर्यंत परत उतरू नये म्हणून दोन पुऱ्या आणि वाटीभर कुंदा समोर ठेवला.

मी आता उपरोध वगैरे बाजूला ठेवते, मला जमेना झालंय. तुम्हाला कुणी नेमलंय दुसऱ्याच्या पोटाचा इन्स्पेक्टर? एखाद्याचं वजन उतरलं तर त्यानं काय केलं, की त्याला काय झालंय, हे तुम्हाला माहीत असतं? चढलं तर माहीत असतं? मग तोंड का उघडता? आणि "छान बारीक झालास" हेही नको, ते तर त्याहून वाईट, कारण त्या कौतुकापायीच भावजी पाच महिने रक्त तपासायला गेले नाहीत. मीही गेले नाही त्यांना घेऊन. मीही अंगठा दिला होता त्या फोटोला. ठरवल्याशिवाय, पोटभर खाऊनही वजन उतरत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर त्या माणसाला फुलं पाठवू नका, लॅबमध्ये पाठवा.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला, म्हटलं तो फोटो काढा. म्हणाल्या, "पण अक्का, रिझल्ट तो रिझल्टच की." फोटो अजून आहे. त्याच्याखाली सोमवारी एक नवीन फोटोही आलाय, कुणीतरी पंगतीतून काढलेला: घामेजलेले भावजी, हातात कुंद्याची वाटी. खाली दोन हसऱ्या तोंडांची चित्रं आणि "कंट्रोल नको काय?"