पोर्टलवर दिसतं म्हणून खरेदीचं बिल रद्दीत घालू नका

«आता सगळी बिलं जीएसटी पोर्टलवर दिसतात, पैसे बँकेतून जातात, आणि आपण तर आठ टक्के नफा दाखवून मोकळे होतो. मग खरेदीची बिलं जपायची कशाला? रिटर्न भरलं की रद्दीत टाका.» असं बरेच दुकानदार म्हणतात.

आधी पोर्टलचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो. दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारं जीएसटीआर-२बी हे तुमच्या खरेदीची नोंद नाही. समोरच्या व्यापाऱ्याने त्याच्या विक्रीच्या विवरणपत्रात, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, जे भरलं, त्याची ती यादी आहे. त्यात बिलाचा नंबर, तारीख, रक्कम आणि कर दिसतो. कोणता माल, किती नग, कोणत्या भावाने, हे त्यात नसतं. जीएसटी कायद्याच्या कलम १६ मध्ये इनपुट क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराच्या वजावटीची, पहिलीच अट ही की कर-बिल तुमच्याकडे हवं. पुरवठादाराने ते पोर्टलवर भरलेलं असावं, ही अट २०२२ पासून त्यात वाढली. नवी अट आली म्हणून जुनी गेली नाही; आता दोन्ही पाळायच्या आहेत.

एक हिशेब करून बघा. विजेच्या सामानाच्या एका दुकानदाराने ऑगस्टमध्ये एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून तीन बिलांवर माल घेतला: ४०,००० ची वायर, ६५,००० चे पंखे आणि २५,००० ची स्विच-बटणं. १८ टक्क्यांनी कर झाला ७,२००, ११,७०० आणि ४,५००, म्हणजे एकूण २३,४००. १४ सप्टेंबरला २बी मध्ये दिसतात १८,९००. तिसरं बिल त्या व्यापाऱ्याने चुकून किरकोळ ग्राहकाच्या विक्रीत धरलं. पोर्टलवर याची कुठलीही खूण नसते, कारण जे आलंच नाही ते यादी कशी दाखवणार? ते कळतं फक्त तुमच्या फाइलमधली तीन बिलं मोजल्यावर. मग नंबर आणि तारीख सांगून व्यापाऱ्याला पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करायला लावता येते. पण याला मुदत आहे. त्या आर्थिक वर्षाचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं, आणि वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलंत तर त्याच दिवसापर्यंत. नंतर ते ४,५०० गेले ते गेलेच.

उलटं झालं तर जास्त महागात पडतं. दुसऱ्याच कुणाचं ५०,००० चं बिल तुमच्या जीएसटी क्रमांकावर चढलं, कर ९,०००. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीम आहे. तिथे बिल स्वीकारता येतं, नाकारता येतं किंवा थांबवून ठेवता येतं. काहीच केलं नाहीत तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. बिलं हाताशी नसतील तर हे बिल तुमचं नाही, हे तुम्ही ओळखणार कसं? क्रेडिट घेतलंत, वापरलंत आणि तीन वर्षांनी नोटीस आली, तर ९,००० परत, त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी ४,८६० व्याज. नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांत कर आणि व्याज भरलं तर दंड टळतो. नाही भरलं तर दंड कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, यांतला जो जास्त असेल तो. म्हणजे इथे दंड मूळ करापेक्षाही मोठा.

म्हणून महिन्याचं काम साधं ठेवा. बिल आलं त्याच दिवशी त्यावर तुमचा जीएसटी क्रमांक बरोबर आहे ना ते बघा, तारखेने फाइलला लावा, आणि १४ ते २० तारखेच्या दरम्यान, कर भरायचं जीएसटीआर-३बी विवरणपत्र भरण्याआधी, २बी च्या ओळीवर एकेक टिक करत जा. टिक न झालेली बिलं आणि टिक न झालेल्या ओळी, दोन्ही याद्या तुमच्या हिशेबनिसाकडे द्या. विक्रीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेत असलेल्यांना क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे हा भाग त्यांच्यासाठी नाही. पुढचा मात्र आहे.

आठ टक्क्यांची सोय (डिजिटल जमा रकमेवर सहा टक्के) आयकरापुरती आहे, आणि ती हिशेबाच्या वह्यांतून सूट देते. विक्री किती झाली, या प्रश्नातून ती सुटका करत नाही. तुमच्या जीएसटी खरेदीचा आकडा आयकराच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, येतो. समजा तिथे खरेदी ६२ लाख दिसते आणि तुम्ही विक्री ५५ लाख दाखवली. अधिकारी विचारणारच, की विक्रीपेक्षा खरेदी जास्त कशी? खरं उत्तर सोपं असू शकतं. सुरुवातीचा साठा ४ लाख, वर्षअखेरीस १६ लाख, कारण मार्चमध्ये १२ लाखांचा माल भरला. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ५० लाख. हिशेब चोख आहे. पण मार्चची बिलं नसतील तर तो साठा कोणत्या वस्तूंचा, कोणत्या भावाचा आणि कधी आला, हे दाखवता येत नाही. मग तोच माल नोंद न करता विकला असा निष्कर्ष निघू शकतो. शिवाय जीएसटी नोंदणी असेल तर त्या कायद्याखाली खरेदी आणि साठ्याच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. आठ टक्क्यांचा तिथे काही संबंध नाही.

बँकेच्या नोंदीबद्दल थोडक्यात. पैसे गेले एवढंच ती सांगते. कशासाठी गेले ते सांगत नाही. कर्नाटकातल्या कॉफी व्यापाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये याहीपुढे जाऊन सांगितलं की, नुसतं बिल आणि चेकने दिलेले पैसे एवढ्यावर क्रेडिट मिळत नाही. माल खरंच आला हे खरेदीदाराने दाखवायचं. निकाल व्हॅटचा होता, पण जीएसटी कायद्याचं कलम १५५ सुद्धा पुराव्याची जबाबदारी क्रेडिट घेणाऱ्यावरच टाकतं. त्यामुळे बिलाला बिल्टी, ई-वे बिल आणि भाड्याची पावती टाचून ठेवा. सुटं बिल अर्धाच पुरावा आहे.

राहिला रद्दीचा प्रश्न. «सहा वर्षं ठेवली की झालं» असं बरेच जण धरतात, आणि बिलाच्या तारखेपासून मोजतात. तिथेच चूक होते. ७२ महिने मोजायचे ते त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून. २०२४-२५ साठी ती ३१ डिसेंबर २०२५. म्हणजे एप्रिल २०२४ चं बिल ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत, साडेसात वर्षांहून जास्त काळ, जपायचं. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्या वर्षाची बिलं त्यानंतरही हलवायची नाहीत.

छोट्या मशीनवर छापलेली चकचकीत कागदाची बिलं मात्र इतकी टिकत नाहीत. उष्णतेने आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत राहून त्यावरची छपाई काही महिन्यांतच फिकी होते. अशा बिलाची आलं त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढा, मूळ बिलाला जोडा, आणि नंबर, तारीख, रक्कम नीट वाचता येईल असा फोटो महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका. फोटो काढला म्हणून मूळ बिल फेकायचं नाही.