रेषा आहेत की शेवया?

बारावीचे पेपर तपासतेय, प्रश्न एकच, +2q आणि -q या दोन चार्जच्या विद्युत क्षेत्ररेषा काढा, आणि चाळिसाव्या पेपरला माझं डोकं फिरलंय. अरे, रेषा एकमेकींना छेदतातच कशा? छेदल्या त्या जागी दोन स्पर्शिका, म्हणजे क्षेत्राच्या दिशा दोन, मग तिथे ठेवलेल्या बिचाऱ्या चार्जने जायचं कुठे, नाणं उडवून ठरवायचं? एकाने तर -q मधूनच बाण बाहेर काढलेत, वर खाडाखोड करून परत तेच! दुसरीची रेषा मधेच हवेत सुरू होते, जणू आकाशातून पडली.

आणि घनता! +2q मधून 8 काढल्यात ना, मग -q वर 4च संपणार, उरलेल्या 4 लांब अनंताकडे जाणार. एवढंच गणित. पण नाही, आठच्या आठ -q वर नेऊन कोंबल्या, कारण पुस्तकात डायपोलचं चित्र तसं असतं! अरे पण तिथे दोन्ही चार्ज उलट चिन्हाचे, पण सारख्याच मापाचे असतात रे राजा, इथला 2 काय शोभेला लिहिलाय? वर पेपर मिळाल्यावर विचारणार, "मॅडम, आकृती तर काढलीये, अर्धा मार्क का कापला?"