खुलासा: डिपेंडंट सोर्स शून्य करायचा नसतो

"थेवेनिन रेझिस्टन्स काढताना सगळे सोर्स शून्य करा, डिपेंडंटसुद्धा. उरलेले रेझिस्टर जोडले की झालं." (नागपुरात इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

हे चूक आहे. शून्य फक्त स्वतंत्र सोर्स करायचे. डिपेंडंट सोर्स सर्किटमधल्याच व्होल्टेजवर किंवा करंटवर चालतो, लोड बदलला की तोही बदलतो. त्यामुळे लोडला दिसणाऱ्या रेझिस्टन्समध्ये त्याचा वाटा असतोच.

समजा, 12 V चा सोर्स 6 Ω मधून a टोकाला जोडलाय, a आणि b मध्ये 3 Ω आहे, आणि 3 Ω वरचं व्होल्टेज v असताना डिपेंडंट सोर्स a मध्ये 0.25v अँपिअर ढकलतो. मेसेजप्रमाणे उत्तर 2 Ω येतं.

आता 12 V शॉर्ट करा आणि a-b वर 1 V चा टेस्ट सोर्स लावा. रेझिस्टर 1/6 + 1/3 = 0.5 A घेतात. त्यातले 0.25 A डिपेंडंट सोर्सच पुरवतो, म्हणून टेस्ट सोर्समधून फक्त 0.25 A निघतो. रेझिस्टन्स 4 Ω, म्हणजे थेट दुप्पट!

पडताळा घ्याच: ओपन सर्किट व्होल्टेज 8 V, शॉर्ट सर्किट करंट 2 A, भागाकार 4 Ω. मात्र सर्किटमध्ये स्वतंत्र सोर्सच नसेल तर हा भागाकार 0/0 होतो. तिथे टेस्ट सोर्सच लावावा लागतो. उत्तर ऋण आलं तरी दचकू नका. इथेच 0.25 ऐवजी 0.75 घेतलं, तर −4 Ω येतं आणि ते बरोबर असतं.